"थोडेच डाग आहेत" म्हणून घरी बसायला सांगणारा मेसेज

"पहिल्या तीन महिन्यात डाग गेले तर घाबरू नये, गर्भ रुजताना जातातच. झोपून राहायचं, सोनोग्राफी करायची नाही, त्यानं पोट पडतं. रक्त भरपूर गेलं तरच दवाखाना."

डाग दिसले म्हणजे सगळं संपलं असं नसतं, हे मान्य. साधारण चारातल्या एकीला पहिल्या तीन महिन्यात रक्त दिसतं आणि त्यातल्या कितीतरी जणींचं पुढे व्यवस्थित होतं. संबंधानंतर थोडं लाल दिसतं, तेही बऱ्याचदा साधंच असतं. पण रुजतानाचे डाग पाळीच्या तारखेच्या आसपास एक-दोन दिवस, गुलाबी नाहीतर तपकिरी, पॅडसुद्धा लागत नाही इतकेच. पाळी चुकून तीन आठवडे झाल्यावर डाग लागले तर ते रुजतानाचे नव्हेत.

"भरपूर गेलं तरच" हे वाक्य मात्र जीव घेणारं आहे. खानापूरकडं माझी चुलत जाऊ, सातवा आठवडा, दोन दिवस रुपयाएवढा तपकिरी डाग, बस्स. डाव्या बाजूला ओटीपोटात दुखत होतं, घरच्यांनी गॅस म्हणून ओवा दिला. तिसऱ्या दिवशी खांदा दुखायला लागला, भांडी घासताना डोळ्यापुढं अंधारी आली आणि मोरीतच बसली की ती. १०८ बोलवून बेळगावला नेलं तर गर्भ नळीत होता, नळी फुटलेली, रात्रीच ऑपरेशन. रक्त बाहेर फारसं आलंच नव्हतं, पोटात साठत होतं, आणि ते पोटाच्या वरच्या पडद्याला लागलं की दुखतं खांद्यात, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही.

म्हणून डाग किती यापेक्षा सोबत काय आहे ते बघा. एका बाजूला दुखणं, खांदा दुखणं, चक्कर, घाम, ताप किंवा वास येणारा स्राव, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी दवाखाना, आणि अंधारी आली किंवा तासाला एक पॅड भिजून असं दोन तास चाललं तर थेट १०८. दुखत नसेल, डाग थांबले असतील, तरी डॉक्टरला कळवायचंच.

झोपून राहिल्यानं पडणारा गर्भ थांबत नाही, उलट वेळ जातो. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, आतून केली तरी पोट पडत नाही. गर्भ पिशवीत आहे का नळीत हे तीच सांगते. फार लवकर केली तर काहीच दिसत नाही, मग बीटा एचसीजी ही रक्ताची टेस्ट करून ४८ तासांनी परत करायला सांगतात, ती दुसरी टेस्ट बेळगावचा हेलपाटा नको म्हणून चुकवू नका.

निघताना गरोदरपणाचं तायी कार्ड घ्या. ब्लड ग्रुप निगेटिव्ह असेल तर ते आधी सांगा, इंजेक्शन लागतं का ते डॉक्टर तिथंच ठरवतील.