टाकी की खोली? मी सरपंच ताईंच्या बाजूचा

"दादा, सरपंचबाईंच्या भाषणाचा व्हिडिओ टाकलाय ग्रुपवर, ऐक. एप्रिल-मेला गाव टँकरवर जगतंय अन् बाई म्हणत्यात नव्या टाकीऐवजी शाळेला खोली बांधू. तू शिकलेला माणूस, तूच सांग, ह्यात काय शहाणपण हाय?"

आहे. शंभर टक्के आहे. आणि चुलतभावाच्या ह्या मेसेजखाली ज्यांनी धडाधड अंगठे टाकले त्यातल्या निम्म्यांनी भाषण शेवटपर्यंत ऐकलेलं नाही हे मी पैजेवर सांगतो. मी ऐकलंय, सकाळी कम्युटर रेलमध्ये एकदा आणि रात्री मुलं झोपल्यावर पुन्हा. आमचं गाव माण तालुक्यातलं, म्हणजे पाणी हा विषय कुणी मला शिकवायची गरज नाही, मी पण हंडे वाहिलेत. पण म्हणूनच राग येतो, कारण दुष्काळी भागातल्या माणसाला तरी टाकी आणि पाणी ह्यातला फरक कळायला पाहिजे.

ताई भाषणात काय करतात बघा. मारुतीच्या देवळापुढं 2 ऑक्टोबरची ग्रामसभा, माईक खरखरतोय, आणि त्या पाणी सोडणाऱ्या तात्यांना उभं करतात आणि विचारतात, तात्या, उन्हाळ्यात टाकी शेवटची कधी वाहून गेली? तात्या म्हणतात, "मार्च लागल्यापास्नं वाहायचं सोडा, निम्मी पण भरत न्हाई." झालं, सगळा वाद इथंच संपायला हवा होता. टाकी लहान पडते की नाही हे ओळखायची हीच खूण आहे, टाकी भरून वाहते आणि तरी लोकांना पुरत नाही तर टाकी लहान. टाकी भरतच नाही तर दोष विहिरीचा. ज्या घरात धान्यच नाही तिथं मोठी कणगी आणून काय करणार?

आकडे घेऊ, अवघड नाहीत. गावची लोकसंख्या साधारण 1400. जलजीवन मिशनचं माप माणशी रोज 55 लिटर, म्हणजे 77 हजार लिटर. आत्ताची टाकी 50 हजारांची. पावसाळ्यापासून जानेवारीपर्यंत ती दिवसातून दोनदा भरते, काम भागतं. एप्रिलात विहिरीवरचा पंप सकाळी दीड तास चालला की पाइपच्या टोकाचा फुटव्हॉल्व्ह उघडा पडतो, पंप हवा ओढायला लागतो, तात्या बंद करतात, संध्याकाळपर्यंत जे काय पाझरेल ते पुन्हा तासभर उपसतात. दोन्ही मिळून 25 हजार लिटर धरा. माणशी 18 लिटर. आता त्याच जागी एक लाख लिटरची उंच टाकी बांधली तरी एप्रिलात माणशी 18 लिटरच येणार, फक्त उद्घाटनाचा फ्लेक्स मोठा लागेल. गेल्या खेपेला आलो तेव्हा दहिवडीकडून येताना रस्त्यावर अशा नव्या कोऱ्या निळ्या-पांढऱ्या टाक्या मी पाहिल्या, खाली टँकर उभा आणि बायका टँकरभोवती.

आता पैशाचं, कारण खरी मेख तिथं आहे आणि ग्रुपवर त्याबद्दल कोणी बोलत नाही. 15 व्या वित्त आयोगाचा निधी गावाला येतो तो एका पिशवीत येत नाही. 2021 ते 26 च्या हप्त्यांत 60 टक्के बंधित, म्हणजे ठरलेल्या कामालाच वापरायचा, त्यातला निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छतेसाठी, आणि 40 टक्के अबंधित, म्हणजे मोकळा. आमच्या ग्रामपंचायतीला वर्षाला साडेसात लाखाच्या आसपास धरलं तर पाण्याचे सव्वादोन लाख हे पाण्यालाच लागणार, ताईंनी ठरवलं तरी त्यातून शाळेची एक वीट येणार नाही. म्हणजे बाई पाण्याचा पैसा शाळेला पळवतात हा जो आरडाओरडा चाललाय तो मुळातच खोटा. भांडण आहे ते अबंधित तीन लाखांचं. टाकीवाल्यांना ते पण टाकीत घालायचे आहेत, कारण एक लाख लिटरची टाकी वीस लाखाच्या आत होत नाही. ताई म्हणतात बंधित पैशातून विहिरीचा गाळ काढू, वरच्या पाझर तलावाचा गाळ काढू, भूजलवाल्यांकडून उद्भवाची, म्हणजे पाणी जिथून येतं त्या विहिरीची तपासणी करून घेऊ, आणि मोकळा पैसा दोन वर्षं खोलीला ठेवू. ह्यात पाण्याशी दुष्मनी कुठं दिसली तुम्हाला?

आणि ती खोली. व्हिडिओत शेवटी कुणीतरी कॅमेरा आत नेलाय, मी ते थांबवून थांबवून बघितलं. स्लॅबचं प्लास्टर पडून गंजलेल्या सळ्या बाहेर आलेल्या, कोपऱ्यात बाक एकावर एक रचून ठेवलेत, फळ्याच्या वर ओल चढून काळं पडलंय. त्या खोलीत मी तिसरी-चौथी काढली. पट 46, चार वर्ग, दोन शिक्षक, पण बसायला एकच खोली धड, म्हणून पहिली-दुसरी देवळाच्या मंडपात. मंडपात कुणाचं लग्न असलं की पहिली-दुसरीला सुट्टी. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या नियमात शिक्षक तिथं वर्गखोली हे साधं माप आहे, ते सुद्धा पाळलं जात नाही. मग आईबाप पोरगं पिवळ्या व्हॅनमध्ये घालून तालुक्याच्या इंग्लिश मिडियमला पाठवतात, पट घसरतो, पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवतात तेव्हा, शिक्षकाचं पद जातं, आणि एकदा पद गेलं की ते सहजासहजी परत येत नाही. विहिरीला पाऊस तरी पुढच्या वर्षी येतो.

खोली बांधायची म्हटलं तरी सोपं नाही हे ताईंना माहीत आहे, इमारत जिल्हा परिषदेची. आधी शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, मग बांधकाम उपविभागाच्या अभियंत्याने येऊन खोली धोकादायक असल्याचा दाखला द्यायचा, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत निर्लेखनाचा, म्हणजे खोली मोडीत काढायचा प्रस्ताव, तो मंजूर झाल्याशिवाय जुनी भिंत पाडता येत नाही. अंदाजपत्रक अकरा लाखाचं. सहा लाख गावाचे, उरलेले जिल्हा नियोजनमधून किंवा वर्गणीतून. म्हणून त्या ठराव आत्ताच मागतायत, कागद फिरायलाच वर्ष जातं.

मी इथं मॅसॅच्युसेट्समध्ये टाऊन मीटिंगला जातो, म्हणजे इथली ग्रामसभाच, हायस्कूलच्या जिममध्ये असते. दोन वर्षांपूर्वी एलिमेंटरी शाळेच्या इमारतीचा प्रस्ताव आला होता, पोरं तात्पुरत्या मॉड्युलर खोल्यांत बसत होती. कर्ज काढायचं म्हणून दोन-तृतीयांश मतं लागतात, त्यावर पुन्हा डेट एक्सक्लूजन, म्हणजे त्या कर्जापुरता मर्यादेबाहेर कर वाढवायला बॅलटवर मतदान. लोक तीन तास बसले, फायनान्स कमिटीला उलटसुलट प्रश्न विचारले, वेळ संपली की मॉडरेटर थांब म्हणतो आणि माणूस थांबतो. एकानेही पाण्याच्या पाइपलाइनला पैसे नाहीत आणि शाळा कशाला असं म्हटलं नाही, कारण पाण्याचा हिशोब पाणीबिलातून वेगळा चालतो हे सगळ्यांना माहीत. आपल्याकडे सुद्धा हिशोब वेगळाच आहे, पण आपण वाचत नाही, फॉरवर्ड करतो. हे ग्रुपवर लिहिलं तर भाऊ म्हणाला, "तुझ्या नळाला चोवीस तास पाणी येतंय, तुला बोलायला काय जातंय." ह्यावर मला तोंड नव्हतं. खरं आहे ते, मी रोज सकाळी शॉवरखाली उभा राहतो तेव्हा माझी वहिनी रांगेत असते.

भावाचं एक म्हणणं मात्र मी मान्य करतो. वरच्या आळीला पाणी चढत नाही, पावसाळ्यात सुद्धा. ती आळी टाकीच्या तळाच्या बरोबरीने आहे, उतार नाही तर नळाला जोर कुठून येणार, दहा मीटर उंची असेल तेव्हा कुठं एक किलोचा दाब मिळतो. त्यांना खालच्यांचे व्हॉल्व्ह बंद करून तासभर वेगळं पाणी सोडा, किंवा वर दहा हजार लिटरची प्लास्टिकची टाकी ठेवून पंपाने थेट भरा, हे बंधित पैशात बसतं असं मला वाटतं. भाऊ म्हणतो तात्या व्हॉल्व्ह बंद करायला गेले की खालची आळी भांडायला उठते. ते मी इथून सोडवू शकत नाही. काकूंनी मधेच विचारलं की खोली झाली तर अंगणवाडी पण तिकडं हलवणार का, नातीला रस्ता ओलांडावा लागतो. अंगणवाडीचा ह्यात विषय नाही काकू, पण रस्त्याचं ग्रामसभेत जरूर मांडा.

इथला माझा एक पुण्याचा मित्र म्हणतो, कशाला डोक्याला ताप, आपण दहाजण मिळून डॉलर काढू, खोली उभी. मला ते पटत नाही. गावाने हात वर करून मागितलेली खोली गाव सांभाळतं, वरून पडलेल्या खोलीत जळण ठेवतात. वर्गणी मी देणार, पण ठराव झाल्यावर, माजी विद्यार्थ्यांच्या मंडळातून, गवंडीकाम करणाऱ्या माझ्या वर्गमित्राच्या नावाखाली माझं नाव.

आणि ह्यात एक गोष्ट मला हल्ली झोपू देत नाही. मी एन-400, म्हणजे अमेरिकन नागरिकत्वाचा अर्ज, भरून ठेवलाय, सबमिट केलेला नाही. त्या टाऊन मीटिंगला मी बाजूच्या खुर्च्यांवर बसलो होतो, नॉन-व्होटरसाठी वेगळ्या ठेवतात, माझी मुलं ज्या शाळेत जातात तिच्यासाठी मला हात वर करता आला नाही. गावच्या यादीतून नाव कधीच उडालंय, म्हणजे तिथल्या ग्रामसभेत पण मी बघ्या. आज भारतीय पासपोर्टवर मी माझ्या पगारातून मंडळाला बँकेतून पैसे पाठवले तर ते गावच्या पोराचे पैसे असतात. उद्या इथली शपथ घेतली की तेच पैसे परदेशी देणगी होतात, मंडळाला परदेशी देणग्यांच्या कायद्याची, एफसीआरएची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर घेताच येत नाहीत. कायदा आहे, त्याची कारणं असतील. पण मी माझ्याच तिसरीच्या वर्गासाठी परदेशी ठरणार हे मला सहन होत नाही, आणि दुसरीकडे माझ्या मुलांच्या शाळेबद्दल आयुष्यभर बाजूच्या खुर्चीवर बसणं पण सहन होत नाही. बायको म्हणते पाठवून टाक. मी अजून पाठवला नाही.

तर भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर झालं, आता माझं एक काम कर. तात्यांना सांग, मार्चपासून मेपर्यंत रोज सकाळी पंप बंद केल्यावर टाकीची पातळी वहीत लिहायची. शिवाय एकदा रात्री टाकीत जेवढं असेल तेवढं मोजून सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि पहाटे बघायचं, पातळी उतरली तर टाकी नाहीतर व्हॉल्व्ह गळतोय, तशीच राहिली तर टाकी धड आहे, मग लाईन कुठं फुटलीय का ते वेगळं बघायचं. त्या वहीचे फोटो ग्रुपवर टाक. टाकी खरंच भरून वाहत असेल आणि लोक तहानलेले असतील, तर टाकीच्या वर्गणीत पहिला आकडा माझा लिही. तोवर 26 जानेवारीच्या सभेत ताईंच्या ठरावाला हात वर कर, कारण मला तिथं हात नाही.