पक्कं बिल हातात आहे, तरी क्रेडिट का नाही?

क्रेडिट म्हणजे खरेदीवर दिलेला जीएसटी आपल्या विक्रीवरच्या टॅक्समधून वजा करणं. त्याबद्दल एक सल्ला फिरतो: “पक्कं बिल आहे, पैसे जीएसटीसकट बँकेतून दिलेत. मग GSTR-2B या पोर्टलवरच्या खरेदीच्या यादीत दिसो वा न दिसो, क्रेडिट बिनधास्त घ्या. हायकोर्टानेही तेच सांगितलंय. पुरवठादाराने टॅक्स भरला नाही तर सरकारने त्याला धरावं.”

बिल आणि पैसे या अटी आहेतच, पण तेवढ्यावर भागत नाही. 1 जानेवारी 2022 पासून जीएसटी कायद्याच्या कलम 16(2) मध्ये नवी अट आली. पुरवठादाराने बिल त्याच्या GSTR-1 या विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवलं आणि ते तुमच्या 2B मध्ये उतरलं, तरच क्रेडिट. त्याआधी 2B च्या रकमेपेक्षा 5 टक्के जास्त घेता यायचं, तीही सवलत गेली.

हायकोर्टाचा म्हणून फिरतो तो निकाल सनक्राफ्ट एनर्जीचा, कलकत्ता, 2023. खरेदीदाराला दिलासा मिळाला आणि तो न्याय्यच होता. पण वाद ही अट येण्याआधीच्या खरेदीचा होता. त्याच्या भरवशावर आज क्रेडिट वापरलंत आणि ते नाकारलं गेलं, तर रक्कम 18 टक्के व्याजासह भरावी लागेल.

मी एका फॅब्रिकेशनवाल्यांचे हिशेब बघतो. त्यांनी दोन लाखांचं लोखंड घेतलं, वर 36,000 टॅक्स. त्या महिन्यात विक्रीवरचा टॅक्स 60,000, म्हणजे भरायचे होते 24,000. चौदा तारखेला 2B उघडलं तर बिलच नाही. वीस तारखेला पूर्ण 60,000 भरले, ओव्हरड्राफ्ट काढून.

पुरवठादार म्हणाला, “आम्ही तर भरलंय.” आणि तो खोटं बोलत नव्हता. बिलावर आमचा जीएसटी नंबर पेनाने लिहिला होता, त्याच्या टॅलीतल्या लेजरमध्ये ती जागा रिकामी होती. त्यामुळे बिल जीएसटी नंबर असलेल्या ग्राहकांच्या B2B यादीऐवजी नंबर नसलेल्यांच्या B2C मध्ये गेलं. तिथे अशा बिलांची वेगळी नोंद नसते, नुसती बेरीज असते, म्हणून त्यालाही चूक दिसेना. तेव्हा पुरवठादाराकडून ‘Filed’चा स्क्रीनशॉट घेऊ नका, आपला नंबर असलेलं B2B चं पान मागा.

पुढच्या महिन्यात त्याने ते B2B मध्ये घातलं, B2C मधून वजा केलं, आणि 36,000 आमच्या 2B मध्ये आले. म्हणजे उशिरा दिसलेलं क्रेडिट बुडत नाही. 2025-26 च्या बिलाला 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत मुदत आहे, वार्षिक रिटर्न त्याआधी भरलंत तर ते भरेपर्यंतच.

राहिलं “सरकारने त्याला धरावं”. नियम 37A नेमकं उलटं सांगतो. बिल 2B मध्ये आलं, पण पुरवठादाराने त्या महिन्याचं GSTR-3B, म्हणजे टॅक्स भरण्याचं रिटर्न, आपण क्रेडिट घेतलं ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 सप्टेंबरपर्यंत भरलं नाही, तर घेतलेलं क्रेडिट 30 नोव्हेंबरपर्यंत आपणच परत करायचं. त्याने नंतर भरलं की पुन्हा घेता येतं. मला हे अन्यायाचं वाटतं, पण आज कायदा हाच आहे.

म्हणून आम्ही आता ऑर्डर देतानाच ठरवतो: मालाचे पैसे वेळेवर, जीएसटीची रक्कम बिल 2B मध्ये दिसल्यावर. फक्त ती बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांच्या पुढे अडवायची नाही, नाहीतर न दिलेल्या रकमेपुरतं क्रेडिट त्याच कारणाने उलटवावं लागतं.