आजीला विचारावं लागत नव्हतं, कारण तिला माहीत होतं

वाचकाची प्रतिक्रिया: "साधा प्रश्न होता. घरी पूजा आहे, जेवणाला तांदूळ किती घ्यावा? त्यावर तुम्ही माणसं किती, बेत काय, पोरंबाळं किती, म्हातारी किती असे उलट प्रश्न विचारलेत आणि उत्तर एकही दिलं नाहीत. आमची आजी नुसतं बघून सांगायची. लेखात 'वाटी' लिहिलंय, ती कुठली वाटी तेही नाही. उगाच भाव खायची सवय लागलीय तुम्हाला."

वाटीचं आधी कबूल करतो. चूक माझी. आमटीची वाटी वेगळी, चहा साखरेच्या डब्यातली वेगळी, आणि मोठ्या स्वयंपाकाला दोन्ही निरुपयोगी. यापुढे किलो आणि ग्रॅममध्येच लिहीन. झालं समाधान?

आता 'भाव खायची सवय' या वाक्याबद्दल. तीस वर्षं चुलीच्या धगीला उभा आहे, तेव्हा भाव कुठे खायचा आणि भात किती शिजवायचा यातला फरक मला कळतो. प्रश्नाला प्रश्न विचारला म्हणून माणूस शिष्ट ठरत असेल तर गावातला प्रत्येक शिंपी शिष्ट ठरेल, कारण माप घेतल्याशिवाय तो कापडाला कात्री लावत नाही. राग आला असेल तर यावा, पण तो नीट शब्दांत मांडता येतो. असो.

मला खरं बोलायचंय ते तुमच्या आजीबद्दल, कारण तुमच्या प्रतिक्रियेत तेवढं एकच वाक्य कामाचं आहे, आणि ते तुमच्याच विरुद्ध जातं.

आजी नुसतं बघून सांगायची यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ती बघायची काय? वाडीत आमंत्रण जायचं ते चूलबंद, म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटायची नाही, घरातलं लहानमोठं सगळं जेवायला यायचं. आजीला घरं पाठ होती. कुठल्या घरात सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, कुठे दोन म्हातारी माणसंच उरलीत, कुठल्या घरचे चारही मुलगे नांगर धरणारे आहेत, हे तिला कागदावर लिहावं लागत नव्हतं. बेतही ठरलेला असायचा. भात, वरण, काळ्या वाटाण्याची उसळ, एक भाजी, शिरा, सोलकढी. म्हणजे मी विचारलेल्या चारही प्रश्नांची उत्तरं तिच्या डोक्यात आधीच होती. तुम्ही ती मला सांगितली नाहीत आणि आकडा मात्र मागितलात. आजीला तुमचा निरोप त्याच शब्दांत परगावाहून गेला असता तर तिनेही आधी हेच विचारलं असतं, आणि बहुधा माझ्यापेक्षा कडक आवाजात.

फरक किती पडतो ते एकाच वाडीवर दाखवतो. धरा २० घरं, चूलबंद आमंत्रण. पूजा श्रावणात असली तर घरटी दोन-तीन माणसं, एकूण ५०, त्यातली ३५ म्हातारी आणि १५ जाणती. तीच पूजा मे महिन्यात ठेवलीत तर मुंबईकर आलेले असतात. घरटी पाच, म्हणजे १०० माणसं. त्यात ६० जाणती, १५ म्हातारी, २५ दहा वर्षांखालची पोरं.

आम्ही डोकी मोजत नाही, पानं मोजतो. जाणत्या माणसाचं एक पूर्ण पान. म्हाताऱ्या माणसाचं भातापुरतं पाऊण धरायला लोक बघतात, मी दोन तृतीयांश धरतो. पोराचं अर्धं. मे महिन्यातल्या त्या १०० माणसांची ६० अधिक १० अधिक साडेबारा, म्हणजे ८३ पानं होतात. श्रावणातल्या ५० माणसांची जेमतेम ३८.

पुऱ्या किंवा वडे नसले आणि भातच मुख्य असला तर एका पानाला कोरडा तांदूळ १२५ ग्रॅम. मे महिन्यात साडेदहा किलो, श्रावणात पावणेपाच. घरं तीच, अंगण तेच, यजमान तोच. पुऱ्या असल्या तर भात ७५ ग्रॅमवर येतो, आणि मे महिन्यातला आकडा साडेदहावरून सव्वासहावर उतरतो. उलट १०० जण सगळे जाणते पुरुष असले, दिवसभर मंडप घालून दमलेले, तर मी १५० ग्रॅम धरतो आणि १५ किलो शिजवतो. '१०० माणसं' या एका शब्दात सव्वासहापासून १५ किलोपर्यंत सगळं बसतं, आणि तुम्ही तर १०० सुद्धा सांगितले नव्हते.

आता पोरं आणि म्हातारी यांची चौकशी मी का करतो ते. 'पोर म्हणजे अर्धं पान' हा हिशेब भातालाच लागू आहे. पुरीला तो लावलात की फसलात. पोरगं उसळीकडे बघतसुद्धा नाही, पण पुरी आणि शिरा जाणत्याच्या बरोबरीने खातं. म्हणून पुऱ्या जाणत्यांना पाच, पोरांना चार, म्हाताऱ्यांना दोन. वरच्या १०० जणांना ४३० पुऱ्या लागतात, किलोभर कणकेच्या साधारण ५५ होतात, म्हणजे आठ किलो कणीक. काळ्या वाटाण्याचं याच्या उलट. म्हाताऱ्यांचे दात चालत नाहीत, पोरांना ते आवडत नाहीत. जाणत्याला ४५ ग्रॅम कोरडे वाटाणे, म्हाताऱ्याला २०, पोराला १५, मिळून साडेतीन किलोच्या आत. सरसकट ४५ ने गुणलंत तर साडेचार होतात. तो वरचा किलो भिजून शिजून दुपटीच्या वर जातो, त्याला नारळाचं वाटण पडतं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात ती उसळ संध्याकाळपर्यंत आंबते. तांदूळ जास्त आणलात तर तो गोणीत राहतो. नारळ पडलेलं जास्त झालं की ते टाकूनच द्यायचं.

सोलकढीचंही तेच. मध्यम नारळाची लिटरभर होते, पिणाऱ्या माणसाला दीडशे मिलिलिटर धरा. पोरं बहुतेक पीत नाहीत, म्हणून ७५ जणांना ११-१२ नारळ. कोकमाचं आगळ काढून वेगळं ठेवा आणि नारळाचा रस शेवटी पिळा. सकाळी आठला पिळलेला रस दुपारी एकच्या पंगतीपर्यंत तसाच राहील याची खात्री मी देत नाही.

आणखी एक गोष्ट, जी आकड्यात दिसत नाही पण ज्यामुळे बहुतेक ठिकाणी भात कमी पडतो. साडेदहा किलो एकदम शिजवत नाहीत. साडेसात पहिल्या टोपात घालतात आणि तीन किलो धुऊन निथळत ठेवतात, बाजूच्या चुलीवर आधण चढवून. पहिली पंगत म्हातारी आणि पोरांची बसते. वर १० जाणते त्यांच्या सोबतीला बसले तरी ती सगळी मिळून ३३ पानं, म्हणजे चार किलोच्या आसपास भात. पंगत उठते तेव्हा जवळजवळ अर्धा टोप शिल्लक असतो. घरधनीण डोकावून म्हणते, पुष्कळ आहे, ते दुसरं आधण उतरवा. इथेच घात होतो. ५० माणसं जेवून गेली आणि ५० राहिली हे खरं, पण राहिलेली ५० सगळी जाणती आहेत, त्यांची ५० पूर्ण पानं, आणि त्यांना सव्वासहा किलो लागतो. टोपात उरलेत साडेतीनसुद्धा नाहीत. दुसऱ्या पंगतीला मागचा भात फिरायला लागला की टोप खरवडल्याचा आवाज पानावर बसलेल्यांना ऐकू जातो, आणि नवा भात शिजायला लाकडांवर पाऊण तास लागतो.

म्हणून पहिल्या पंगतीनंतर टोपात बघायचं नाही, मंडपात बघायचं. उभे कोण आहेत? पुरुष आणि तरण्या बायका असतील तर उरलेले तीन किलो बिनदिक्कत आधणात सोडा. पहिल्याच पंगतीत जाणते जेवून गेले आणि पोरं राहिली असतील, तर आधण उतरवा आणि तांदूळ पंचावर पसरून वाळवा.

तांदूळ कुठला हेही विचारणार होतो, पण तुम्हाला आणखी एक प्रश्न सोसला नसता. जुना तांदूळ जास्त फुगतो. दिवाळीनंतरचा नवा कमी पाणी पितो आणि चिकट होतो, त्याला किलोमागे थोडा जास्त धरावा लागतो.

बाकी मी भाव खातो की नाही, यावर आणखी काही म्हणत नाही. ज्याला तो वाद घालायचाय त्याने घालावा, मला सकाळी वाटाणे भिजवायचेत.

तरीही काहीच सांगायचं नसेल आणि आकडाच हवा असेल, तर घरामागे अर्धा किलो तांदूळ घ्या आणि त्यातला जवळजवळ एक तृतीयांश न शिजवता आधणाशेजारी ठेवा. वीस घरांना दहा किलो, सात टोपात, तीन बाहेर. श्रावणात तुमचे सातही संपणार नाहीत, आणि मे महिन्यात मी वर सांगितलेल्या आकड्याला अर्धा किलो कमी पडेल. पुऱ्या आहेत की नाहीत आणि पूजा कुठल्या महिन्यात आहे, एवढं कळवलंत तर तोही अर्धा किलो भरून काढता येईल.