वायरची सूट ४५ वरून ४० झाली तेव्हा भाव नेमका किती वाढला

ग्राहकाचा अभिप्राय (दोन स्टार): "मागच्या दिवाळीत वायरवर ४५ टक्के सूट होती, आता ४०. विचारलं तर म्हणतात लिस्ट तीच आहे. वर टेम्पोचे पैसे वेगळे, टेप फुकट मिळत नाही, न उघडलेली कॉइल परत केली तर १० टक्के कापले. भाव वाढवलाय तर सरळ सांगा ना, गुपचूप कशाला?"

दुकानाचं उत्तर:

नमस्कार. भाव वाढलाय, आणि तुम्ही धरलेल्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढलाय. लिस्ट तीच राहिली म्हणून भाव तोच राहिला, असं होत नाही. आमच्या काउंटरवरून तुम्हाला तसं वाटावं, हेही आम्हाला मान्य नाही. म्हणून सगळा हिशोब इथे मांडतोय. वायर घ्यायला निघालेल्या इतरांनाही तो उपयोगी पडेल.

सूट टक्क्यांत बोलली जाते, पैसे मात्र उरलेल्या रकमेवर जातात. ४५ टक्के सूट असताना लिस्टच्या १०० रुपयांमागे तुम्ही ५५ देत होता, आता ६० देता. ५५ वर ५ रुपये वाढले म्हणजे वाढ झाली ९ टक्क्यांच्या वर. मूळ सूट जितकी मोठी, तितका तिच्यातला प्रत्येक टक्का महाग पडतो. स्विच-सॉकेटवर २० ची सूट १५ झाली तर भाव सव्वासहा टक्के वाढतो. एखाद्या ब्रँडवर ६० ची ५५ झाली तर तोच साडेबारा टक्के वाढतो. वायरच्या धंद्यात सूट नेहमीच मोठी असते, त्यामुळे इथे "फक्त पाच टक्के कमी केले" हे वाक्य सर्वात जास्त फसवं ठरतं.

आता एका टू बीएचकेचा माल घेऊ. एक, दीड, अडीच आणि चार एमएमच्या कॉइल मिळून लिस्टप्रमाणे ४०,००० रुपये होतात असं समजा. ४५ टक्के सूट गेल्यावर २२,००० उरतात. त्यावर १८ टक्के जीएसटी ३,९६०, म्हणजे बिल २५,९६०. तोच माल ४० टक्के सुटीत २४,०००, जीएसटी ४,३२०, बिल २८,३२०. जीएसटी सूट वजा जाता उरलेल्या रकमेवर लागतो, म्हणून सूट घटली की करही वाढतो. फरक २,३६० रुपयांचा पडला. टेम्पोचे ५०० आधी दुकान भरत होतं, ते आता तुम्ही देता. दहा टेप १२ रुपयांप्रमाणे १२०. एकूण फरक २,९८० रुपये, म्हणजे आधीच्या बिलावर जवळजवळ साडेअकरा टक्के. परत केलेल्या कॉइलची कपात यात धरलेली नाही. लिस्टचा एक आकडाही न हलता एवढा फरक पडतो. तुमचा राग याच फरकावर आहे आणि तो योग्य जागी आहे.

मग लिस्टच का नाही वाढवली? ती आमच्या हातात नाही. लिस्ट कंपनी छापते आणि खोक्यावरच्या एमआरपीच्या वर आम्ही एक रुपयाही घेऊ शकत नाही. दुकानदाराच्या हातात असते ती लिस्टवरची सूट आणि मालाबरोबर दिलेल्या सोयी. आमच्या कंपनीने या वेळी लिस्ट न बदलता आम्हाला मिळणारी सूट कमी केली, आणि तीच घट काउंटरपर्यंत आली.

यामागे तांबं आहे. अडीच एमएमच्या ९० मीटर कॉइलमध्ये साधारण दोन किलो तांबं असतं, दीडच्या कॉइलमध्ये एक किलो दोनशे ग्रॅम, चारच्या कॉइलमध्ये सव्वातीन किलोच्या आतबाहेर. तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात डॉलरमध्ये ठरतो, त्यात डॉलर-रुपयाचा दर मिसळतो. इथे किलोमागे १०० रुपये वाढले की अडीचच्या एका कॉइलमागे नुसत्या धातूचेच २०० रुपये वाढतात, कर वेगळा. एवढी वाढ पोटात घालण्याइतकी मार्जिन वायरवर कोणत्याच दुकानाला नसते. वायर हा काउंटरवरचा सर्वात कमी मार्जिनचा माल आहे. गिऱ्हाईक वायरला येतं आणि दुकान स्विच, एमसीबी, पंख्यावर चालतं.

टेम्पो आणि टेपचं कारण वेगळं आहे. फुकट डिलिव्हरीचा खर्च सगळ्यांच्याच भावात मिसळलेला होता. चार कॉइल स्कूटरवर बांधून नेणारा माणूस दुसऱ्याच्या टेम्पोचं भाडं भरत होता. ते वेगळं केल्यावर ज्याला टेम्पो लागतो तोच पैसे देतो, आणि स्वतःचा टेम्पो आणला तर एक रुपयाही द्यावा लागत नाही. हा बदल आम्हाला पटलेला आहे आणि तो मागे घेणार नाही. पण माल चढवून झाल्यावर भाड्याचा आकडा कळला तर कुणालाही डोक्यात जाणारच. म्हणून अंतराप्रमाणे टेम्पोचं भाडं कोटेशनच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं असेल.

कॉइल परतीबद्दल. नियम असा आहे: सील न तोडलेली कॉइल बिलाच्या तारखेपासून १५ दिवसांत पूर्ण पैशात परत, त्यानंतर १० टक्के कपात, आणि उघडलेली कॉइल परत नाही. उघडलेली कॉइल ९० मीटर भरेल यावर पुढचा गिऱ्हाईक विश्वास ठेवत नाही आणि ठेवूही नये, ती मीटरवर कापूनच विकावी लागते. १५ दिवसांनंतरची कपात तांब्याच्या चढउतारामुळे आहे. आज ६० ला विकलेली कॉइल दीड महिन्याने परत आली आणि तोवर भाव ५६ वर आला असेल, तर दुकान ६० परत देऊन ५६ चा माल घेतं. यावर साधा उपाय म्हणजे वायरमनने दिलेल्या यादीतल्या शेवटच्या एक-दोन कॉइल आधी उचलूच नका. पाइप टाकून झाल्यावर दोरी घालून मोजा, मग घ्या.

सूट हळूच कमी झाली की घोळ हमखास होतो तो जुन्या कोटेशनमध्ये. घर बांधणारा तीन महिन्यांपूर्वी ४५ टक्क्यांवर बजेट करतो, माल ४० च्या दिवशी उचलतो, आणि बिल पाहिल्यावर त्याला वाटतं आपल्यालाच वेगळा दर लावला. म्हणून वायरच्या कोटेशनवर आता टक्के लिहायचे नाहीत असं ठरलं आहे. प्रत्येक साइजचा एका कॉइलचा नेट दर, जीएसटीसह, रुपयांत, आणि खाली मुदत: वायर ७ दिवस, स्विच आणि एमसीबी ३० दिवस. काउंटरच्या फळ्यावरही हेच नेट दर असतील. दर बदलला की जुना दर खोडून नवा लिहायचा, दोन्ही दिसतील असा.

तुम्ही दुसरीकडे भाव काढत असाल तर नुसते टक्के विचारू नका. दोन ब्रँडच्या लिस्ट वेगळ्या असतात, त्यामुळे एकाचे ५५ टक्के दुसऱ्याच्या ४० पेक्षा महाग पडू शकतात. अडीच एमएमची ९० मीटरची कॉइल, जीएसटी धरून, घरपोच किती, एवढाच प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या. ९० मीटर हे मुद्दाम म्हणा, कारण प्रोजेक्टसाठी लांब कॉइलही येतात आणि त्यांच्या दराशी तुलना केली की सगळंच चुकतं. वायरमनला कुणी काही देत असेल तर तो खर्चही तुमच्याच सुटीतून निघतो, त्यामुळे तो बरोबर असताना आणि नसताना दर तोच आहे का, हेही पाहा.

कुठे दर फारच खाली दिसला तर तांबं तपासा. आयएसआयची खूण आणि आयएस ६९४ हे वायरवर छापलेलं हवं. अडीचची एक मीटर वायर कापून घ्या, वरचं आवरण पूर्ण सोला आणि आतल्या तारा सोनाराच्या काट्यावर ठेवा. हिशोबाने २२ ग्रॅमच्या आसपास वजन भरायला हवं, दीडची असेल तर साडेतेरा. थोडं कमी भरलं तर लगेच खोटी म्हणू नका, मानक वजनावर नसतं, वायरच्या रोधावर असतं. पण अडीचच्या नावाखाली १७-१८ ग्रॅम भरले तर जास्तीची सूट तांब्यातूनच कापलेली आहे, आणि गीझरच्या लाइनला ती वायर तापेल. आमच्याकडची कॉइलही अशी तपासून घ्यायला हरकत नाही, काटा काउंटरवर आहे.

आता तुमच्या बिलाचं. ४० ची सूट त्या दिवशी सगळ्यांनाच होती, त्यामुळे ती ४५ करून फरक परत देता येणार नाही. तसं केलं तर त्याच आठवड्यात न बोलता पैसे भरून गेलेल्यांवर अन्याय होईल. परत केलेल्या कॉइलचं मात्र बघता येईल. तुमचं बिल आणि परतीची पावती घेऊन या. दोन्ही तारखांत १५ दिवस किंवा कमी असतील तर कापलेले १० टक्के त्याच दिवशी रोख किंवा खात्यावर मिळतील. सोमवारी दुकान बंद असतं, बाकी सकाळी दहा ते रात्री आठ. काउंटरवर कुणालाही हा अभिप्राय दाखवा, वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही.