58 नंतरची मुदतवाढ आणि ईपीएसची पेन्शन : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : "58 नंतरची नोकरी पेन्शनला धरत नाहीत, असं तुम्ही बेधडक लिहिलंय. मला कंपनीने 60 पर्यंत मुदतवाढ दिली आहे, पीएफही कापला जातो. मग दोन वर्षं वाढणारच ना? उगाच लोकांची दिशाभूल करू नका."

नमस्कार. एक चूक कबूल करतो. "तुम्ही पर्याय दिला नसेल तर" एवढे शब्द त्या वाक्यात हवे होते. पण पीएफ कापला जातो म्हणून पेन्शनची वर्षं वाढतात, हे काही खरं नाही. मुदतवाढ कंपनीची असते, पीएफसोबतच्या ईपीएस-95 या पेन्शन योजनेचं सभासदत्व मात्र 58 पूर्ण होताच थांबतं. त्यानंतर मालकाच्या हिश्श्यातले 8.33 टक्के पेन्शन फंडात न जाता तुमच्याच पीएफ खात्यात पडतात. पासबुकातला पेन्शनचा रकाना बघा. तिथे दरमहा 1,250 दिसत होते, ते शून्य झाले असतील तर तुमची पेन्शन 58 लाच मोजली जाणार.

तरीही नोकरी न सोडता ती पेन्शन सुरू करता येते. बऱ्याच जणांना हेच माहीत नसतं.

दुसरा मार्ग 2016 पासून आहे : अर्ज देऊन पेन्शन 60 पर्यंत पुढे ढकलायची. दर पूर्ण वर्षाला 4 टक्के वाढ मिळते. वर्गणी चालू ठेवायची की नाही, हे तुम्ही ठरवायचं.

समजा, एकजण सप्टेंबर 2008 ला लागला आणि ऑगस्ट 2024 अखेर 58 चा झाला. पगार कायम पेन्शनसाठी धरल्या जाणाऱ्या मर्यादेइतका किंवा जास्त. सप्टेंबर 2014 पूर्वीची 6 वर्षं 6,500 वर धरतात, नंतरची 10 वर्षं 15,000 वर, आणि दोन्हींना 70 ने भागतात. 557 अधिक 2,143, म्हणजे 2,700 रुपये.

वर्गणी न भरता दोन वर्षं थांबला तर साधारण 2,920. महिन्याला 220 जास्त मिळावेत म्हणून त्याने 24 महिन्यांचे 64,800 सोडले. ते भरून यायला साधारण साडेचोवीस वर्षं लागतील. मला तरी हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो.

वर्गणी भरली तर आणखी 2 वर्षं धरली जातात, म्हणून पेन्शन 3,380 च्या आसपास जाते. पीएफमध्ये न आलेले 30,000 त्यात मिळवले, तरी सोडलेली रक्कम साडेअकरा वर्षांत वसूल होते (व्याज धरलं तर थोडी उशिरा). तब्येत ठणठणीत असेल आणि पगारावर घर चालत असेल, तर मी हाच पर्याय घेईन.

तुमच्या पासबुकात 58 नंतरही 1,250 जात असतील आणि तुम्ही अर्जच दिला नसेल, तर खूश होऊ नका. ती चुकीची जमा आहे. माझ्या एका परिचिताचा पेन्शन मागणीचा 10-डी फॉर्म नेमका याच कारणाने अडकला होता. पगार विभागाकडून ती रक्कम पीएफमध्ये वळवून घ्या, आणि तेही फॉर्म भरण्याआधी.