ब्लूम फिल्टर "आहे" सांगत नाही, "नाही" सांगतो

कॅसँड्रा या डेटाबेसबद्दल असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं: "कॅसँड्रामध्ये ब्लूम फिल्टर असतो, तो लगेच सांगतो तुमचा आयडी कुठल्या फाईलमध्ये आहे, म्हणून डिस्कवर एकदाच जावं लागतं आणि रीडपण राइटएवढंच फास्ट होतं. शिवाय डिलीट मारलं की जागा लगेच मोकळी."

फिल्टर फाईल शोधून देत नाही. प्रत्येक एसएसटेबलचा, म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक डेटा फाईलचा, स्वतःचा वेगळा फिल्टर असतो आणि तो म्हणजे नुसती शून्य-एकची लांब पट्टी. फाईल लिहिताना प्रत्येक आयडीचे पाच-सात हॅश काढायचे आणि त्या त्या जागी 1 ठेवायचा, बस. नंतर कोणी ग्राहक 4471 विचारला तर त्याच जागा बघायच्या, एका जरी जागी 0 दिसला तरी हा आयडी या फाईलमध्ये नाही हे शंभर टक्के पक्कं, पण सगळीकडे 1 असले तर ते दुसऱ्याच आयडींनी ठेवलेले असू शकतात, म्हणून उत्तर फक्त "असेल कदाचित" एवढंच मिळतं. `bloom_filter_fp_chance` 0.01 असेल तर आयडी नसतानाही शंभरातून एकदा "असेल" येणार आणि त्याची किंमत म्हणजे दर आयडीमागे साधारण 9.6 बिट मेमरी, म्हणजे 10 कोटी आयडींना जवळपास 120 एमबी. आयडी कितीही लांब असला तरी तेवढीच. हे स्वस्त आहे, फार सुंदर आहे, बर्टन ब्लूमने 1970 मध्ये मांडलं आणि आजही तसंच चालतं. पण ते वाचवतं फक्त नसलेल्या गोष्टीची फेरी. 12 फाईली आहेत आणि ग्राहक कुठेच नाही, तर 12 फेऱ्यांच्या जागी सरासरी 0.12 फेऱ्या, इथे फिल्टरला तोड नाही.

आता "एकदाच डिस्क"चं बघू, खरी गडबड इथे आहे. एलएसएममध्ये, म्हणजे कॅसँड्राच्या डेटा साठवण्याच्या पद्धतीत, राइट फास्ट का, तर ते जुनी ओळ शोधतच नाही. कमिट लॉगच्या शेवटी नोंद टाकली, मेमरीतल्या मेमटेबलमध्ये ठेवलं, काम झालं, मेमटेबल भरला की तो नवी फाईल म्हणून डिस्कवर उतरतो आणि ती फाईल पुन्हा कधी बदलत नाही. मग समजा ग्राहक 4471 जानेवारीत आला, मार्चमध्ये त्याने ईमेल बदलला, जूनमध्ये पत्ता, आणि काल फोन नंबर. एकच माणूस पण तुकडे चार फाईलींमध्ये. तुम्ही अख्खी ओळ मागितली की चारही फिल्टर "असेल" म्हणणार आणि चारही खरंच बोलतायत! म्हणजे चारही फाईली वाचून प्रत्येक कॉलमची सर्वात ताजी किंमत जुळवायची, यात `fp_chance` कितीही कमी करा, काडीचा फरक पडत नाही, नुसती मेमरी जाते. फाईली एकत्र करून या तुकड्यांची बेरीज कॉम्पॅक्शन करतं, पण साइज-टिअर्ड पद्धतीत साधारण सारख्या आकाराच्या चार फाईली जमल्याशिवाय ते हात लावत नाही, म्हणून जानेवारीची 40 जीबीची फाईल एकटीच पडून राहते आणि कालची छोटी फाईल तिला लवकर भेटत नाही. राइटने जे काम पुढे ढकललं ते रीड आणि कॉम्पॅक्शनला करावं लागतं, ते गायब होत नाही. तुमच्याकडे काय चाललंय ते बघायला `nodetool tablehistograms` चालवा आणि `SSTables` कॉलम बघा, एका रीडला किती फाईली उघडल्या ते तिथे दिसतं. 99% च्या ओळीत 8-10 दिसले आणि `nodetool tablestats` मध्ये फिल्टरचा false ratio मात्र नगण्य असेल, तर फिल्टरला दोष देऊ नका, डेटा पसरलाय.

रेंज स्कॅनला तर फिल्टरचा उपयोगच नाही, हॅशला क्रम नसतो.

डिलीटचं मला मनापासून सांगायचंय कारण यात आम्ही स्वतः पोळलोय. डिलीट हेपण एक राइटच, टूमस्टोन नावाची खूण लिहिली जाते, म्हणजे डिस्कवर जागा आधी वाढते. ती खूण डीफॉल्टने 10 दिवस ठेवावीच लागते (`gc_grace_seconds` 864000), कारण त्यावेळी बंद असलेला एखादा नोड परत आला आणि त्याला डिलीट कळलंच नाही तर मेलेली ओळ जिवंत होऊन सगळीकडे पसरेल. आणि 10 दिवसांनंतरही खूण आणि जुनी ओळ एकाच कॉम्पॅक्शनमध्ये आल्या तरच जागा सुटते. एका आधीच्या नोकरीत आम्ही कामांची रांग एकाच पार्टिशनमध्ये, म्हणजे एकाच कीखाली, ठेवली होती, काम झालं की ओळ डिलीट, पुढची 10 कामं उचला, महिनाभर छान चाललं आणि मग लॉगमध्ये हे यायला लागलं:

```
Read 10 live rows and 48213 tombstone cells for query SELECT ...
```

10 ओळींसाठी 48 हजार खुणा ओलांडत होतो, आणि पार्टिशन एकच असल्यामुळे फिल्टर प्रत्येक फाईलला "असेल" म्हणत होता, खुणांनी 1 लाखाची हद्द ओलांडली की कॅसँड्रा क्वेरीच पाडते आणि तेच झालं. शेवटी पार्टिशन की मध्ये तारीख आणि तास घातला, झालेल्या तासाकडे परत जायचंच नाही असं केलं, आणि त्या टेबलवरचे डिलीट पूर्ण बंद करून टीटीएल लावला, म्हणजे ठरलेल्या वेळेनंतर ओळी आपोआप संपतात.