पार्सल पोस्टातच मुक्कामी कसं ठेवावं

पार्सल वेळेवर घरी यावं, असली क्षुल्लक इच्छा धरू नका. ते पोस्टाच्या कपाटात चार दिवस निवांत राहिलं पाहिजे. नाहीतर संध्याकाळी पोस्टातल्या आमच्या बाबूअण्णांनी करायचं काय?

सुरुवात पत्त्यापासून करा. 'पाटील, मारुती मंदिराजवळ, चोपडा' एवढं पुरे. खानदेशात पाटील असे कितीक असणार, आणि मारुतीचं देऊळ तर लाखात एक! पिन कोड टाका जळगावचा, ४२५००१. चोपड्याचा ४२५१०७ कोण शोधत बसतं? पार्सलालाही जरा जिल्ह्याचं ठिकाण बघू द्या. मोबाईल नंबर मात्र न विसरता लिहा, नऊ आकडी.

पोस्टमन दारी येईल तेव्हा कुलूप असू द्या. तो सूचना चिठ्ठी टाकून जाईल. ती बाजेच्या हलत्या पायाखाली छान बसते. पार्सल साधारण सात दिवस पोस्टात राहतं, मग पाठवणाऱ्याकडे परत जातं. म्हणून आठव्या दिवशी जा आणि मोठ्या आवाजात बोला.

पण खरी कला पुढे आहे. पोस्टमनला फोन करून सांगा, "भाऊ, पिशवीतच राहू द्या, सकाळी घेतो." न वाटलेला माल त्याच संध्याकाळी पोस्टात जमा करायचा असतो, हे त्याला माहीत आहे. पण तुम्ही त्याच्या मामाच्या गावचे निघता.

आता सहा वाजायला आलेत. अण्णा रजिस्टर उघडतात. कालची शिल्लक १२, आज आलेली २१, एकूण ३३. वाटप झालेली १७, मुदत संपून परत गेलेली २. शिल्लक हवी १४. कपाटात मोजतात: १३. टेबलाखाली बघतात, रिकामी थैली उलटी करून झटकतात, पुन्हा मोजतात. तेराच. बेरीज चुकली असती तर बरं, असं वाटण्याची नोकरीतली हीच एक वेळ. मग एकेक नोंद आणि एकेक पार्सल, नंबर जुळवत बोट खाली सरकतं. अकराव्या ओळीवर थांबतं. शेऱ्याच्या जागी काहीच नाही, 'घर बंद' नाही की घेणाऱ्याची सही नाही. कोणाच्या बीटातलं आहे ते पाहून अण्णा फोन लावतात.

पोस्टमन जेवणाच्या ताटावरून उठून गाडीवर येतो. पिशवीतून पार्सल निघतं, शेरा पडतो, १४ भरतात. अण्णा कपाटाला कुलूप घालतात, किल्ली खिशात टाकतात, शटर अर्धं ओढतात.

तुमची यायची वेळ हीच. शटरखालून वाकून विचारा, "अण्णा, मन्हं पार्सल उनं का?"

अण्णा काही न बोलता पुन्हा कुलूप काढतील, पार्सल टेबलावर ठेवतील आणि ओळखपत्र मागतील. तेव्हा खिसे चाचपा आणि सांगा, आधार घरीच राहिलं.